पुलावर पाणी

आक्का सरळ बोलण्याबद्दल प्रसिद्ध. विमा कंपनीच्या कार्यालयात तिने पहिलं वाक्य टाकलं, तेव्हा समोरच्या प्रतिनिधीने पेन खाली ठेवलं.

"बहात्तर तासांत कळवायचं होतं ना? मग पाचव्या दिवशी कशा आलात?" असं त्याने विचारलं होतं, आणि तिचं पहिलं वाक्य होतं,

"पोहत यायला हवं होतं का?"

सोमवारी पहाटे नदी तिच्या सोयाबीनच्या शेतात शिरली. पूल बुडाला, वीज गेली, मोबाईलचा टॉवर मुका झाला. फोन लागेना, ॲप उघडेना. शुक्रवारी पाणी ओसरलं तशी ती पहिल्याच गाडीने निघाली. पण मुदत गुरुवारीच संपली होती, आणि कॉम्प्युटर काही ऐकून घेत नव्हता.

"लेखी अर्ज द्या," प्रतिनिधी म्हणाला. "उशिराचं कारण आणि पुरावा जोडा. मी वर पाठवतो, पुढचं त्यांच्या हातात."

घरी सुनेने अर्ज लिहायला घेतला. आक्का सांगत गेली आणि तीन पानं शिव्याशापांनीच भरली. सुनेने ती शांतपणे बाजूला ठेवली. "सासूबाई, पॉलिसी नंबर, गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसानीची तारीख आणि उशिराचं कारण. बाकीचं मला सांगा, त्यांना नको."

आता पुरावा. बांधकाम खात्यातला कारकून म्हणाला, "रस्ता बंद होता असा दाखला द्यायला आमच्याकडे नोंद हवी."

"मग करायची होती नोंद!"

"माणूस जाऊन बघेल तेव्हा नोंद. आणि रस्ताच बंद, तर माणूस जाणार कसा?"

आक्काने कपाळावर हात मारला. तीन चकरा झाल्या, चपलेचा पट्टा तुटला, आणि दर वेळी तेच उत्तर. चौथ्यांदा हात हलवत परतताना ती बसथांब्यावर बसली आणि कंडक्टरवर उखडली, "त्या आठवड्यात तुमची गाडी तरी कुठे मेली होती?"

"मेली नव्हती आक्का, रद्द होती. डेपोत लिहिलंय की."

ती ताडकन उठली.

डेपोच्या रजिस्टरात सोमवार ते गुरुवार चारही दिवस एकच शेरा होता: फेरी रद्द, पुलावर पाणी. नियंत्रकाने उतारा दिला, सही-शिक्का मारला. सुनेने तो अर्जाला जोडला, पुराच्या वेळी मोबाईलवर काढलेले, तारीख असलेले शेताचे फोटो लावले, विलंब माफ करून पाहणी करावी असं लिहिलं आणि एक प्रत कृषी कार्यालयात दिली. दोन्हीकडून पोच घेतल्याशिवाय आक्का खुर्चीवरून हलली नाही.

अठरा दिवसांनी पाहणीला माणूस आला. तोवर शेंगा काळ्या पडून त्यांना कोंब फुटले होते. "एवढा उशीर झाल्यावर नुकसान नेमकं किती, ते ठरवणं अवघड आहे," तो पुटपुटला.

"उशीर आता कुणी केला?" आक्का म्हणाली. सुनेने फोटो पुढे केले.

दावा मंजूर झाला, पण नुकसान निम्मंच धरलं. आक्का आठवडाभर धुसफुसत होती. मग शेजारच्या वस्तीवरचे चौघे डेपोच्या उताऱ्याची प्रत मागायला आले, त्यांचे अर्जही मुदतीवरूनच परत आले होते. आक्काने चष्मा लावला आणि सुनेला हाक मारली, "कागद आण गं. आणि माझी तीन पानं मात्र लपवून ठेव."