ताईने न लिहिलेलं वाक्य

माझी ताई वृत्तसंस्थेत पत्रकार परिषदांचे सारांश लिहिते. रेकॉर्डिंग ऐकायचं, मुद्दे काढायचे आणि सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवायचे. घरात मात्र तिच्याशी भांडायची सोय नाही. "तू असं म्हणालास" असं ती कधी म्हणत नाही. मी म्हटलेलं वाक्यच जसंच्या तसं ऐकवते. डोकं फिरतं माझं!

त्या दुपारी मी तिच्या ऑफिसात धापा टाकतच शिरलो. मी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. वर्कशॉप कंत्राटदाराला देणार अशी आवई उठली होती, आणि गावाबाहेरच्या गॅरेजवाल्याने मला नोकरी देऊ केली होती. पगार कमी, पण पक्की. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. इतक्यात कँटीनच्या टीव्हीवर आमच्या साहेबांच्या पत्रकार परिषदेची पट्टी सरकली: 'कोणाचीही नोकरी जाणार नाही – मुख्य अधिकारी.' माझा जीव भांड्यात पडला. गॅरेजवाल्याला नाही म्हणायच्या आधी एकदा ताईकडून खात्री करावी, एवढ्यासाठी आलो होतो.

ताई कानाला हेडफोन लावून बसली होती. शेजारी तिचा चष्मेवाला सहकारी. मी विचारलं, तर तिने नुसता हात वर केला. थांब!

"पट्टीवाल्यांनी मशीनने टाइप केलेलं वाचलंय," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "त्यात कोण बोललं ते कळत नाही. प्रश्न आणि उत्तर एकात एक गेलंय. हे ऐक."

तिने हेडफोन काढून आवाज मोठा केला. एका बाईचा आवाज आला, पत्रकाराचा: "म्हणजे कोणाचीही नोकरी जाणार नाही?" मग खुर्ची करकरली. मग साहेबांचा आवाज: "तसा प्रयत्न राहील. आत्ता मी शब्द देऊ शकत नाही."

ते वाक्य साहेबांचं नव्हतंच. विचारणारीचं होतं!

ताईने टाइप केलं:

• बसदुरुस्तीचं काम कंत्राटदाराकडे देण्याचा विचार सुरू असल्याचं मुख्य अधिकाऱ्यांनी सांगितलं.
• वर्कशॉपमधून निघालेल्या बस पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण वाढल्याचं त्यांनी सांगितलं.
• कोणाचीही नोकरी जाणार नाही का, या पत्रकाराच्या प्रश्नावर ते म्हणाले: "तसा प्रयत्न राहील. आत्ता मी शब्द देऊ शकत नाही."
• निर्णय कधी होणार, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

"बस बंद पडतात?" मी भडकलो. "सुटे भाग कोण देत नाही ते लिही की! आणि 'उत्तर दिलं नाही' काय? 'हात झटकले' लिही!"

"सुट्या भागांबद्दल कोणी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. झटकले हे तुझं मत झालं. उत्तर आलं नाही, एवढंच यात ऐकू येतं."

"अगं, आपल्या घरचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच." ती चष्मेवाल्याकडे वळली. "माझा भाऊ तिथे कामाला आहे, आपल्या संपादकांना मी सकाळीच सांगितलंय. अवतरणचिन्हातलं अक्षर न् अक्षर तू रेकॉर्डिंगशी ताडून बघ. बाकीच्यात माझा कल दिसला तर काप."

चष्मेवाल्याने शांतपणे सगळं ऐकलं. एक स्वल्पविराम हलवला, बाकी कशाला हात लावला नाही. ताईने बटण दाबलं. गेलं. मला तिचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम.

"मग आता मी काय करू?" मी विचारलं.

"ते इथे विचारू नकोस. या खुर्चीत बसून मी सल्ले देत नाही."

मी तोंड फिरवून निघालो. जिन्याच्या वळणावर मागून चपलांचा फटफट आवाज. ताई पळत आली होती, एका हाताने पदर सावरत.

"आता ऐक गाढवा," ती म्हणाली. "शब्द देता येत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर घर चालतं का? गॅरेजवाल्याला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

मी फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं. इतकी वर्षं काढलेलं वर्कशॉप, तिथली माणसं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तोंडातून शब्द फुटेना. पलीकडून पुन्हा "हॅलो, हॅलो" सुरू झालं.

ताईने माझ्या हातातून फोन घेतला.

"मी त्याची बहीण बोलतेय," ती म्हणाली. "तो हो म्हणतोय."