हजाराची फी आणि आईची आठ वर्षं

माझी थोरली बहीण शारजात होती. मेहुणा तिथं एका गॅरेजात मेकॅनिक. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात डॉक्टरनं अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं. मेहुण्याची ड्युटी बारा-बारा तास. तिला पाण्याचा तांब्या द्यायलाही घरात कोणी नव्हतं. फोनवर ती एकच विचारायची, "आईचा पासपोर्ट झाला का?"

आई वारणानगरात मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. आम्ही तिथल्याच कामगार चाळीत राहायचो. मी पेठ वडगावातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. रजा घेतली की पगार कापला जायचा, त्यामुळं कोल्हापूरची एक खेप म्हणजे एक दिवसाचा पगार आणि वर एसटीचं भाडं.

तेव्हा पासपोर्टची सरकारी फी हजार रुपये होती. जिल्ह्याच्या ठिकाणीच अर्ज घ्यायचे आणि पुढं पुण्याला पाठवायचे. मी डिमांड ड्राफ्ट काढला, फॉर्म इंग्रजीतून भरला, आईचे फोटो जोडले आणि रांगेत उभी राहिले. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म चाळला.

"जन्मतारखेचा पुरावा कुठाय?"

"आई शाळेत गेलेली नाही. रेशनकार्डावर वय आहे."

"रेशनकार्ड पत्त्यासाठी. जन्मतारखेचा वेगळा पुरावा लागतो. फॉर्मसोबत पुस्तिका मिळाली असेल, त्यात सगळं दिलंय. पुढचे या."

माझ्या मागं पंधरा-वीस माणसं होती. मी बाजूला झाले. आईच्या जन्माचा दाखला शोधायला तिच्या माहेरी, गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावात गेले. ग्रामपंचायतीत त्या काळच्या नोंदी फाटक्या होत्या आणि ज्या होत्या त्यात आमच्या वस्तीतली फारशी नावंच नव्हती. ग्रामसेवक म्हणाला, "त्या वक्ताला तुमच्यातल्या पोरींची नोंद कोण करत होतं?" त्यात आणखी दोन दिवस गेले. घरी आले तर बहिणीचा शेजाऱ्यांकडं फोन येऊन गेला होता.

मग वसतिगृहातल्या एका क्लार्कनं एजंटचा पत्ता दिला. कोल्हापूरच्या एसटी स्टँडजवळच्या बोळात झेरॉक्सचं दुकान होतं, त्याच्या आत फळी टाकून तो बसायचा. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांचा, बोलायला चांगला माणूस. त्यानं आईला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काय काळजी करू नगासा मावशी. साडेचार हजार. फी धरून."

"फी तर हजारच आहे," मी म्हणाले.

"व्हय की. हजार सरकारचं, साडेतीन माझं. आता माझं कशाचं ते बी सांगतो." त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. फॉर्म तो भरणार, टायपिंग त्याचं, स्टँपपेपर त्याचा, रांगेत त्याचा माणूस उभा राहणार, पुण्याला काही अडलं तर तो जाणार. "तुमी एकदा सही केली की घरी जायाचं. शाळेतनं किती रजा काढशीला, ताई?"

मी मनातल्या मनात हिशोब करत होते. माझे कापलेले पगार, एसटी, गडहिंग्लजची खेप. सगळं धरलं तरी साडेतीन हजार होत नव्हते. पण अजून किती खेपा होतील, ते कोण सांगणार? तिथं खरं तर मला पैसे जास्त वाटत नव्हते. मला वाटत होतं की माझ्यासमोर एक दार आहे आणि ते उघडायची किल्ली याच्याकडं आहे. मी दोन हजार आगाऊ दिले. त्यानं रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र मूळ ठेवून घेतलं. "मूळच लागत्यात," म्हणाला. पावती मागितली तर हसला.

आठवड्यानं त्यानं सहीला बोलावलं. आई जेमतेम सही करायची, अक्षरं जोडून जोडून. तिनं पेन हातात घेतलं आणि मी सवयीनं कागद वाचायला घेतला. ते प्रतिज्ञापत्र होतं. मी अशिक्षित असून माझ्याकडं जन्माचा दाखला नाही, माझा जन्म अमुक गावी अमुक तारखेला झाला, असं शपथेवर लिहिलेलं. साल लिहिलं होतं बेचाळीस.

"हे चुकलंय," मी म्हणाले. "आईचा जन्म पन्नासचा. तिच्या नोकरीच्या कागदावर पन्नास आहे."

"चुकलं न्हाय ताई. मुद्दाम हाय." त्यानं आवाज खाली केला. "मावशी शाळा शिकलेल्या न्हाईत. त्यांच्या पासपोर्टावर 'तपासणी हवी' म्हणून शिक्का बसणार. आखातात जायाचं तर त्या शिक्क्यावाल्या माणसाला मुंबईतनं परवानगी काढाय लागत्या, निसतं लेकीला भेटाय जायाचं असलं तरी. पण साठीच्या वरच्या माणसाला शिक्का न्हाय. कळ्ळं? साडेतीन हजार मी काय फॉर्म भरायचं घेतो व्हय? ह्ये त्याचं घेतो."

साडेतीन हजार कशाचे, ते मला आत्ता कळत होतं. आईनं विचारलं, "काय म्हणतुया त्यो?" मी सांगितलं. तिनं पेन फळीवर ठेवलं.

"मला आठ वरसं म्हातारी करतुयास?"

"कागदावर, मावशी. कागदावर."

"कागदावरच तर नोकरी हाय माझी. अठ्ठावनला काढत्यात आमास्नी. उद्या तुझा ह्यो कागूद कुनी आमच्या हापिसात दाकीवला तर? मी कवाच घरी बसाय पायजे हुती म्हंत्याल. फंडाचं काय हुईल?"

"कोण दाखवतंय!"

"आनि बेचाळीसला कशी जन्मलो मी? छप्पनला आमच्या गावानं धम्म घेतला त्या वक्ताला आबाच्या खांद्यावर बसून गेलतो सभेला. मी खांद्यावर बसायजोगती हुतो तवा. चौदा वरसाची पोरगी खांद्यावर बसत्या का?"

एजंट माझ्याकडं वळला. "ताई, तुमी शिकलेल्या हायसा. बहिणीचा विचार करा. खरं लिहिलं तर पासपोर्ट मिळंल, शिक्का बसंल, मग मुंबई. तवर बाळ चालाय लागंल."

तो खोटं बोलत नव्हता, हेच अवघड होतं. दोन्हीकडून कोंडी झाली होती. सही केली तर आई शपथेवर खोटं बोलणार, आणि ते कधी बाहेर आलं तर पासपोर्ट तर जाईलच, पण तिच्यावर गुन्हाही होईल. नाही केली तर तिकडं बहीण एकटी. त्या बोळात दुकानाच्या आत ऊन येत नव्हतं, झेरॉक्स मशीनचा गरम वास येत होता. मी आईकडं पाहिलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, तू सांगशील तसं. ती म्हणाली, "माझी कागदं दे रं बाबा."

"मग आगाऊ परत मिळणार न्हाय. स्टँप, टायपिंग झालंय."

"ऱ्हाऊ दे. रेशनकार्ड दे."

"आता सापडायचं न्हाय. उद्या या."

आई खुर्चीत तशीच बसून राहिली. आवाज चढवला नाही, भांडली नाही. दुकानात गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडं बघायचं. कुणीतरी विचारलं, "मावशी, कशाला बसलाय?" तर ती शांतपणे म्हणाली, "ह्येनं माझं रेशनकार्ड ठेवलंय, त्येची वाट बघतो." तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर त्यानं खणातून दोन्ही कार्डं काढून फळीवर टाकली. आई उठली. कार्डं घेऊन बाहेर आली.

घरी येऊन मी ती पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. शेवटच्या पानांत प्रतिज्ञापत्राचा नमुना होता, शाळा न शिकलेल्यांसाठीचा. एजंटनं टाईप केलेलं शब्दशः तेच. फक्त साल रिकामं. मी स्टँपपेपर घेतला, पन्नास साल लिहिलं, नोटरीसमोर आईनं अक्षरं जोडत सही केली. नोटरीला दिलेले पैसे एजंटच्या आकड्यापुढं काहीच नव्हते. खिडकीवरच्या त्याच बाईंनी या वेळी फॉर्म घेतला, पोचपावती दिली. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी दोन हजार घालवले होते.

तिथून पुढं काही करता येत नव्हतं. पोलीस चौकशीला एक हवालदार चाळीत आला, शेजाऱ्यांना विचारून गेला. मग पुण्याहून काहीच नाही. फोन करून बघितला, "प्रक्रियेत आहे." बहिणीचा सातवा संपला, आठवा लागला. रोज दुपारी शाळेतून सुटले की आधी विचारायचे, पोस्टमन आला का. आई विचारायचीच नाही. ती वसतिगृहात भाकऱ्या थापायची आणि घरी आली की बाळंतविड्याची बॅग उघडून पुन्हा तशीच बंद करायची.

पासपोर्ट आला तेव्हा बहीण बाळंत होऊन आठवडा झाला होता. सिझर झालं होतं. शेजारच्या केरळी बाईनं तिचं सगळं केलं. पासपोर्टावर तो शिक्का होताच.

मेहुण्यानं व्हिसा पाठवला. मुंबईच्या परवानगीसाठी मी या वेळी दुसऱ्या एकाकडं गेले. कोल्हापुरातलंच ट्रॅव्हलचं ऑफिस. तिथल्या बाईंनी कागदांची यादी वाचून दाखवली, परतीचं तिकीट पाहिजे म्हणाल्या, व्हिसाची प्रत, मेहुण्याच्या पासपोर्टची प्रत. आणि आपला आकडा सांगितला, सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त. मी विचारलं, "हे कशाचे?"

"आमचा मुंबईतला माणूस तुमच्या वतीनं त्या ऑफिसात जाणार. नाही दिले तर तुम्ही स्वतः जा, तुमचंही काम होईल. राहायचा खर्च आणि दिवस तेवढे धरा."

त्यांनी छापील पावती दिली. त्या पैशांबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्यांनी आमच्याऐवजी पाय झिजवले आणि तेवढ्याचेच घेतले. आईच्या वयाला, नावाला, कशालाच हात लावला नाही.

आई शारजाला पोचली तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं. पुढं वसतिगृहातली नोकरी तिनं नियमानं पुरी केली, फंड घेतला.

बहीण दोन वर्षांनी सुट्टीवर आली. एका दुपारी लेकाला मांडीवर थोपटत म्हणाली, "त्या माणसाचं ऐकलं असतंस तर आई माझ्याजवळ असती." रागानं नव्हती म्हणाली. आई शेजारीच शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. एजंटनं सांगितलं होतं तसं खरंच वेळेत झालं असतं का, हे मला आजही माहीत नाही. झालं असतं, असंच बहुतेक वाटतं.