ममताताईंची पट्टी

लोणखेड्याच्या ममताताई घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात. गॅस बंद केला की शेगडीच्या बटणाला पुन्हा हात लावतात आणि रस्त्यावर आल्यावर नवऱ्याला, अमृतभाऊंना, शेतात फोन करून विचारतात, "मी गॅस बंद केला होता ना?" अमृतभाऊ सकाळी सहालाच शेतावर गेलेले असतात. तरी म्हणतात, "हो, केला होता." वीस वर्षांत एवढं ते शिकले.

असा स्वभाव काहींना जाचक वाटतो. शहाद्यातल्या संस्थेत मात्र त्याच्यावरच ममताताईंची नोकरी टिकली होती. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्या घरी जाऊन वजन घेणं, तपासणीची आठवण करणं, हे संस्थेचं काम. तळोदा, शहादा आणि वर सातपुड्यात धडगाव, असे तीन तालुके. तिथल्या कार्यकर्त्या घरभेटी करत, त्यांचे पर्यवेक्षक आकडे ऑनलाइन शीटमध्ये भरत. महिना संपला की आठवड्यावार घरभेटींचे आलेख स्लाइडवर लावून संचालक अल्पनाताईंसमोर ठेवायचे, ते काम ममताताईंचं.

सहा वर्षं त्यांनी ते हातानं केलं. शीटमधला आलेख उचलायचा, स्लाइडवर चिकटवायचा, कोपरा धरून लहानमोठा करायचा. कधी शहाद्याचा आलेख ढब्बू व्हायचा आणि तळोद्याचा अंग चोरून बसायचा. अल्पनाताईंना ते खपत नसे. "ममता, दर महिन्याला हे कुठे कुठे हलतं गं? एका जागी बसव ना."

म्हणून या वर्षी भाग्येशला सांगितलं गेलं. संस्थेचे सगळे संगणक तोच बघतो. त्यानं स्क्रिप्ट, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. गेल्या महिन्याच्या सादरीकरणाची प्रत काढायची, मथळ्यातलं महिन्याचं नाव बदलायचं, मग एका यादीप्रमाणे एकेक टॅब, म्हणजे शीटमधलं एकेक पान, उघडायचा, त्यातला आलेख घ्यायचा, स्लाइडवरचा जुना काढायचा आणि नवा त्याच मापाचा, त्याच जागी, चित्र म्हणून ठेवायचा. यादीत प्रत्येक टॅबचं नाव, स्लाइडचा क्रमांक आणि डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती, हे लिहिलेलं. एक बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात काम फत्ते.

ममताताईंनी बटण दाबलं आणि लगेच पर्समधून पट्टी काढली. मुलगी हेमांगी नाशिकला शिकायला जाताना तिच्या कंपासपेटीतली राहिलेली पारदर्शक पट्टी. ती त्यांनी पडद्यालाच लावली.

भाग्येश बघतच राहिला. "ताई, तुम्ही पट्टी लाई ऱ्हायनात का?"

"मन्हा डोळास्वर भरोसा नही, म्हणून पट्टी," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या मशीनवर तर त्याहून नही."

एप्रिल, मे, जून. तिन्ही महिने त्यांनी प्रत्येक स्लाइड मोजली. डावीकडून तेवढंच, वरून तेवढंच. केसभर फरक नाही. जुलैपासून पट्टी खणात गेली. एवढा विश्वास त्यांनी आयुष्यात फार कमी गोष्टींवर टाकला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अल्पनाताईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर जुलै आणि ऑगस्टच्या सादरीकरणांची दोन पानं शेजारी शेजारी छापून ठेवलेली. दोन्हींवर मथळा 'अक्राणी तालुका : घरभेटी'. दोन्हींवर चार स्तंभ. अडतीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस, सत्तेचाळीस.

"बघ," अल्पनाताई म्हणाल्या. "एका आकड्याचा फरक नाही. दोन महिने चारही आठवडे सारखेच? हा दलसिंग घरी बसून जुने आकडे पुन्हा भरतोय."

दलसिंग पावरा म्हणजे तिथला, वर धडगावकडचा, पर्यवेक्षक. ममताताईंना त्याच्याबद्दल आधीपासूनच शंका होती. फोन केला की लागत नाही. लागला तर म्हणतो, 'ताई, डोंगरावर आहे,' आणि मागून कोंबड्याचा आवाज येतो. डोंगरावरही घरं असतात आणि घरांत कोंबडे असतात, हे त्यांना कळत होतं. तरीही तो आवाज त्यांच्या मनात अडकून राहिला होता.

"त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र तयार कर," अल्पनाताई म्हणाल्या. "बुधवारी बोलावलंय. काय सांगतो ते ऐकू आणि हातात देऊ. बाळंतिणींच्या नावावर खोटं लिहिलेलं मी चालवून घेणार नाही."

ममताताईंनी पत्र टाइप केलं. 'आपण सादर केलेली माहिती विश्वासार्ह नसल्याचे निदर्शनास आल्याने' हे वाक्य लिहिताना त्यांचा हात अडला नाही. उलट, आपल्याला हे आधीच वाटत होतं, असं एक बारीक समाधान वाटलं.

बुधवारी दलसिंग आला. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेली पँट, खांद्याला पिशवी. अल्पनाताई अजून यायच्या होत्या, म्हणून तो ममताताईंच्या टेबलासमोर बसला. बोलावणं कशाला, ते त्याला कुणीतरी सांगितलं होतंच.

"ताई, माझ्या बायांनी ऑगस्टमध्ये जीव तोडून काम केलं," तो म्हणाला. "दोन नव्या पाड्यांत सुरू केलं. आणि तुम्ही म्हणता, जुनेच आकडे?"

"मी कुठे म्हणते? आलेख म्हणतो."

त्यानं पिशवीतून रजिस्टर काढलं. ममताताईंनी ते पुढे ओढलं आणि आधी आकडे बघितलेच नाहीत. शाई बघितली. काल रात्रीत बसून लिहिलं असेल तर एकाच पेनाचं, एकाच दमाचं अक्षर असतं. इथे कुठे निळी शाई, कुठे काळी, एका पानावर पेन्सिल. पानांच्या कडा ओलीनं फुगलेल्या. पाच कार्यकर्त्यांची पाच वळणं. अंगठे. एका अंगठ्याशेजारी हळदीचा डाग.

"पाणी मागवू का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आपण त्याला चहासुद्धा विचारला नव्हता, हे त्यांना तेव्हा आठवलं.

"पाणी नको. चौथा आठवडा बघा."

चौथ्या आठवड्याची बेरीज त्रेसष्ट होती. स्लाइडवर सत्तेचाळीस.

आता एक तर रजिस्टर खोटं किंवा स्लाइड. ममताताईंनी ऑगस्टचं सादरीकरण उघडलं. चौथा आठवडा : शहादा एकसष्ट, तळोदा अठ्ठेचाळीस, अक्राणी सत्तेचाळीस. त्यांनी टेबलाच्या काचेवर बोटानं बेरीज केली. एकशे छप्पन्न. मग शेवटची स्लाइड, 'तिन्ही तालुके मिळून'. तिथे एकशे बाहत्तर.

पुन्हा केली. पुन्हा एकशे छप्पन्न. सोळाचा फरक. सत्तेचाळीस आणि सोळा, त्रेसष्ट.

"भाग्येश!" त्या ओरडल्या. "इकडे ये आधी!"

भाग्येश आला तो ममताताईंच्या चेहऱ्याकडे बघतच आला. त्यानं शीट उघडली. दलसिंगचे आकडे तिथे जसेच्या तसे होते, शीटमधल्या आलेखातही त्रेसष्टचा स्तंभ उभा होता. स्लाइडवरच तो पोचला नव्हता.

"तू काय घोळ करी ठेवेल शे?" त्यांनी विचारलं. "कुणाचे आकडे दाबतोस?"

"मी काय दाबू, ताई?" भाग्येशनं यादी उघडली. बोट एका ओळीवर थांबलं. "हे बघा. यादीत टॅबचं नाव 'धडगाव' आहे. आणि शीटमध्ये टॅब 'अक्राणी'. स्क्रिप्ट धडगाव शोधते, सापडत नाही, ती ओळ सोडून पुढे जाते. मग प्रत काढताना आलेलं जूनचं चित्र तसंच राहतं. वरचं महिन्याचं नाव तेवढं बदलतं."

"आणि एकूणचा आलेख बरोबर कसा?"

"टॅबचं नाव बदललं की शीटमधली सूत्रं आपोआप नवं नाव घेतात. माझी यादी घेत नाही. ती नुसती अक्षरं आहेत."

"सापडलं नाही तर बोंब का मारत नाही ती तुझी स्क्रिप्ट?"

भाग्येशनं मान खाजवली. "सुरुवातीला मारायची. तळोद्याचा टॅब एकदा रिकामा होता, तेव्हा मध्येच थांबली. तुम्हीच म्हणालात, अर्धवट सोडू नको, बाकीचं तरी पूर्ण कर."

ते खरं होतं. ममताताईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "बरं, पण नाव कुणी बदललं? मला नाव पाहिजे."

भाग्येशनं शीटच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. तीन जुलैपर्यंत टॅब 'धडगाव'. चार जुलैला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी 'अक्राणी'. पुढे बदल करणाऱ्याचं नाव. ममता पाटील.

ममताताईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांना आठवलं. जुलैत अल्पनाताई एका बैठकीहून परत आल्या होत्या. तिथे कुणीतरी टोकलं होतं की धडगाव हे गावाचं नाव, तालुका कागदावर अक्राणी. "सगळीकडे नीट करून घे," त्या म्हणाल्या होत्या. ममताताईंनी नीट केलं होतं. टॅब बदलला, स्लाइडचा मथळा बदलला, दोनदा तपासून बघितलं. यादीचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्यानंतर आलेख बघितला तो जागेवर बसलाय का एवढ्यापुरताच. हातानं लावायच्या तेव्हा प्रत्येक स्तंभ डोळ्यांखालून जायचा. आता चौकट तेवढी जायची.

"ताई," भाग्येश हळूच म्हणाला, "तांत्रिक बिघाड झाला म्हणू. मॅडम पुढे विचारणार नाहीत."

बाहेर अल्पनाताईंची गाडी थांबल्याचा आवाज आला. ममताताईंनी दलसिंगकडे बघितलं. तो रजिस्टर पिशवीत घालत होता. अगदी सावकाश, पानं दुमडू नयेत म्हणून. बिघाड म्हटलं तर तो आजच्यापुरता सुटला असता. पण पुढच्या वेळी त्याचा फोन लागला नाही की अल्पनाताईंना हेच आठवलं असतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. कोंबड्याच्या आवाजावरून ज्याला आपण दोन महिने मनात चोर ठरवलं, त्याला बिघाडाच्या आडून कसं सोडायचं?

त्यांनी टाइप केलेलं पत्र उचललं आणि रजिस्टर त्याच्याकडून मागून घेतलं. "चला, दलसिंगभाऊ. तुम्ही पण."

केबिनमध्ये त्यांनी उभ्यानंच सांगितलं. काय बदललं, कोणत्या तारखेला, कुणी. "आणि स्क्रिप्टनं थांबू नये असंही मीच म्हटलं होतं." अल्पनाताईंनी रजिस्टर उघडलं, त्रेसष्टवर बोट ठेवलं, मग एकेक पान बघत गेल्या. बराच वेळ. पत्र त्यांनी उभं-आडवं फाडलं.

"ममता, तू इतकी संशयी," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून हे?"

ममताताईंच्या आधी दलसिंगच बोलला. "मॅडम, आमच्या तालुक्याची दोन नावं. एसटीच्या पाटीवर धडगाव, दाखल्यावर अक्राणी. आमची पोरं शाळेत जातात तेव्हा पहिल्या दिवशी हेच विचारतात, आपण नक्की कुठले?"

अल्पनाताई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्याला बसायला सांगितलं. "जुलै-ऑगस्टचे आलेख दुरुस्त करून आजच सगळ्यांना पाठव," त्या ममताताईंना म्हणाल्या. "आणि चूक कशाची होती तेही लिही. दलसिंगचं नाव साफ दिसलं पाहिजे."

"कुणाची होती तेही लिहिते," ममताताई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत भाग्येशनं यादी दुरुस्त केली. आता स्क्रिप्ट आधी सगळ्या स्लाइडवरचे जुने आलेख काढते, मगच नवे लावते. टॅब सापडला नाही तर त्या जागी लाल चौकट येते, आत टॅबचं नाव. जागा मात्र तीच, माप तेच.

"मोजायचं का?" त्यानं पट्टी पुढे केली.

"राहू दे." त्यांनी फोन उचलला. धडगावला निघालेली एसटी एव्हाना घाटाच्या पायथ्याशी पोचली असणार. "दलसिंगभाऊ, रजिस्टर काढा. जुलैचा पहिला आठवडा किती?"

"बावन्न," पलीकडून आवाज आला. त्यांनी स्लाइडवर बोट ठेवलं. बावन्न.

"दुसरा?"

"ताई, घाट लागला. आता आवाज—"

फोन तुटला. ममताताईंनी पुन्हा नंबर लावला. लागला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा लावला.