मेहनाजचे डोळे

खैरुनबीचा शेवटचा हात न लागता कबरीत गेलेली बाई नेरमध्ये शोधूनच काढावी लागेल. मुसलमानांच्या घरात बाई गेली की आधी तिला निरोप. मग ती यायची, चिडचिड करतच यायची. पाण्यात बोरीचा पाला उकळला का, पडदा नीट बांधला का, बाया उगाच गर्दी काहून करून राह्यल्या, असं ओरडत मयतीच्या उशाशी बसली की मात्र तिचा आवाज एकदम खाली जायचा. मेलेल्या बाईशी ती हळू बोलायची. "उजवी बाजू घेतो हं आता," असं सांगून अंगावर पाणी घालायची. आणि गुसल, म्हणजे ही शेवटची आंघोळ, देताना जे दिसलं ते कुणाला सांगायचं नाही, हा तिचा कायदा. व्रण दिसो, वळ दिसो, तोंडातून चकार शब्द नाही. एरवी तोंड म्हणजे काय, विचारूच नका!

अशी ही बाई मेहनाजशी भांडली होती. मेहनाज उर्दू शाळेतली निवृत्त मास्तरीण, जाड भिंगाचा चष्मा, लहानपणापासूनची मैत्रीण. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा पापड लाटता लाटता ती म्हणाली, "खैरुन, मी मेल्यावर माह्ये डोळे देऊन टाकाचे. जहीरले सांगून ठेवलं. बाकीची मी तुह्या हवाली."

खैरुनबीच्या हातातलं लाटणं थांबलं. "अंग अल्लाहची अमानत हाये, मेहनाज. आपल्या बापाची जायदाद नाही वाटाले. मुर्द्याचं हाड मोडलं तं जित्याचं मोडल्यासारखंच, हे मले सांगाव लागते का? मग आंघोळही त्या डॉक्टराईलेच घालाले सांग. मी नाही येत!"

"नको येऊ," मेहनाज हसून म्हणाली. त्या हसण्यानं तर खैरुनबीचं डोकं आणखीच फिरलं. दोघी कित्येक दिवस बोलल्या नाहीत. आणि बोलायच्या आतच एका सकाळी मेहनाज गेली. फजरची नमाज झाली, चहा ठेवायला उठली आणि चुलीशीच बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

निरोप आला तशी खैरुनबी पायात एक चप्पल आपली, एक सुनेची घालून पळाली. 'मी नाही येत' हा आपला शब्द तिला आठवलाही नाही. आत गेली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढं झाला. पापण्या खाली ओढल्या, मिटल्या, हनुवटीखालून फडकं बांधलं. मग बसून ढसाढसा रडली.

मेहनाजचा मुलगा जहीर मोटरसायकलींचा मिस्त्री. तो दारात उभा, हातात मोबाईल. "खाला, अम्मीचं तुमाले ठावं हाये. यवतमाळले, डोळे घेतेत त्या दवाखान्यात, फोन करू का? सहा घंट्यांच्या आत घ्याव लागते म्हणते."

"मले कायले विचारतं? पोरगा तू हायेस. सही तुह्यीच लागते."

"तुमी गुसलाले नाही बसल्या तं दुसरी कोणीच नाही बसत, खाला. मंग अम्मीले कोण..."

खरंच होतं ते. खैरुनबी उठली असती तर सगळ्या बाया उठल्या असत्या. तिला ते कळत होतं. तिनं मशिदीतल्या मौलानांना बोलावणं पाठवलं. ते अंगणात आले, दाराच्या पडद्याबाहेर उभे राहिले.

"साफ सांगा मौलाना, हराम की हलाल?"

"साफ कसं सांगू, आपा? मोठमोठे आलिम दोन बाजूंनी हायेत. काही म्हणते अंग अमानत हाये, मयतीची बेअदबी होते, नाही द्याचं. काही म्हणते, गरज खरी असन, मरणाऱ्याची मर्जी असन, घरच्याची मर्जी असन आन् पैशाचा सौदा नसन, तं देता येते. त्याहिचा झगडा मी नेरमध्ये उभा राहून मिटवू?"

"मग तुमाले बोलावलं कायले!" खैरुनबी खेकसली. मौलाना बिचारे मान खाली घालून गेले.

तोवर ऊन चढत चाललं होतं. जहीरनं नुसतं विचारायला म्हणून फोन लावला होता. पलीकडून सांगितलं, डोळे मिटलेले ठेवा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा, नाहीतर बुबुळ वाळतं. डोळे तर मिटलेलेच होते. खैरुनबीनंच मिटले होते. जहीरनं पंखा बंद केला आणि बायांची कुरकुर सुरू झाली. गरमीनं जीव चालला, जनाज्याला उशीर होऊन राह्यला.

त्यातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कयामतीच्या दिवशी सारे उठतीन आन् मेहनाज बिनाडोळ्याची उठन. चाचपडत राहीन बिचारी. जसं मातीत घातलं तसंच उठते माणूस."

खैरुनबीला आठवली शमा! तिची पोरगी शमा, वावरात कापूस वेचताना सापानं डसलेली. पोलीस आले, सरकारी दवाखान्यात चिरफाड झाली. कुणी विचारलं नाही, अमानत कुणाची. गळ्यापासून पोटापर्यंत टाके घातलेली लेक तिच्या हाती दिली. तिनंच तिला आंघोळ घातली होती, टाक्यांवरून पाणी अलगद सोडत. आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसून तांब्या कुणी दिला होता? मेहनाजनं. 'ज्यानं मातीतून बनवलं, तो टाके नाही पाहत, खैरुन,' असं म्हणत.

"काय म्हणली तू?" खैरुनबी उभी राहिली. "जसं घातलं तसंच उठते? मंग माह्यी शमा टाके घेऊन उठन का? बोल नं! माह्या तोंडावर बोल!"

म्हातारी पदर सावरत मागं सरकली. खैरुनबी जहीरकडं वळली.

"तिले न विचारता चिरलं तं तिची जन्नत नाही गेली. मेहनाज आपल्या मर्जीनं देते तं तिची जाईन? जहीर, बोलाव त्याहिले. पण बाईच पाठवा म्हणा. माह्या मैत्रिणीच्या तोंडाले परक्या माणसाचा हात नाही लागाचा."

सुमेधा नावाची डॉक्टर आली, जोडीला एक परिचारिका. जहीरनं आणि त्याच्या बायकोनं कागदावर सह्या केल्या. सुमेधानं मेहनाजचे आजार विचारले, तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं. चष्मा असला तरी चालतं, म्हणाली. बाया बाहेर गेल्या. खैरुनबी गेली नाही.

"आजी, तुम्हाला बघवणार नाही."

"मले काय बघवत नाही, ते तू नको सांगू."

आणि खरंच तिला बघवलं नाही. भिंतीकडं तोंड करून ती कलमा पुटपुटत राहिली. काम थोड्याच वेळात उरकलं. वळून पाहिलं तर मेहनाज होती तशीच. पापण्या मिटलेल्या, त्यांच्याखाली आधाराला प्लास्टिकची छोटी टोपी बसवलेली. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक लाल थेंब होता. सुमेधानं तो टिपला.

"कोणाले लावता?"

"ते सांगत नाही, आजी. कुणाला लागले हे घरच्यांनाही कळत नाही."

"बरोबर," खैरुनबी म्हणाली. "मीही नाही सांगत."

मग पडदा बांधला. बोरीच्या पाल्याचं पाणी आलं. "उजवी बाजू घेतो हं," ती म्हणाली, आणि चेहऱ्यापर्यंत आली. पापण्यांवर पाणी ओतायचा धीर होईना. ओल्या कापसानं हळूच पुसलं. "मेहनाज, दुखत तं नाही नं व?" कपाळाला कापूर लावला, कफनाचा पदर चेहऱ्यावर ओढला. बाहेर त्याच म्हातारीनं कानाशी येऊन विचारलं, कसं दिसत होतं गं? खैरुनबीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं होऊन गेलं, पण तिच्या जिवाला काही स्वस्थता नाही. नमाजेनंतर ती तौबा करते. मेहनाजचे डोळे देऊ दिले म्हणून, की मेहनाजला 'मी नाही येत' म्हणाली म्हणून, हे तिचं तिलाच उमगत नाही. आणि बाजारात गेली की भाव करता करता मध्येच थांबते. समोरच्याच्या डोळ्यांत टक लावून बघत राहते, इतकं की तो विचारतो, "काय झालं, आजी?"

"काही नाही," ती म्हणते. "माह्यी एक मैत्रीण हाये, तिले पाहून राह्यली."