पुंजाजींच्या नावाची बरणी

मंजुळाबाईंना दुखवून सुखानं झोपलेला माणूस वरवट बकालात अजून कोणी पाहिलेला नाही. बाई भांडत नाहीत. भांडण म्हणजे वाफ, दोन घटकांत विरून जाते. त्या राग ठेवून देतात, नीट झाकण लावून. एकदा एका विहिणीनं त्यांच्या ठेच्याला "सपक" म्हटलं होतं. त्यावर त्या गोड हसल्या होत्या. पुढं त्या विहिणीच्या घरी लग्न निघालं आणि ठेच्याची जबाबदारी बाईंनी आपणहून मागून घेतली. त्या लग्नात पाठवणीच्या आधीच नवरदेवाकडची माणसं ढसाढसा रडत होती आणि नवरीची आई त्यांना धीर देत होती.

अशा बाईंच्या नवऱ्याला इंद्रभाननं हात लावला, हे त्याचं दुर्दैव.

इंद्रभान गावचाच पोरगा. पुण्याला काही दिवस राहून आला तो अंगात पांढरा कुडता आणि तोंडात 'डिटॉक्स' घेऊनच. बसस्टँडजवळ त्यानं शरीरशुद्धीचं केंद्र टाकलं. सकाळी दुधी-पालकाचा हिरवा ज्यूस, रात्री पाण्यात कालवून एक मातकट पावडर आणि मधे अन्नाचा कण नाही. आठवडाभरात शरीरातलं सगळं विष बाहेर, असा त्याचा वायदा. आणि पुरावा म्हणून काचेच्या बरण्या. पावडर घेणाऱ्याच्या पोटातून काळपट, दोरीसारखं काहीतरी पडायचं. ते धुऊन, बरणीत घालून, वर नावाची चिठ्ठी चिकटवून तो फळीवर मांडायचा. वर्षानुवर्षं आतड्याला चिकटलेली घाण म्हणे!

पुंजाजींची बरणी सगळ्यात मोठी निघाली. उभ्या जन्मात पहिला नंबर कशातच न आलेला तो भला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून नेऊन ती दाखवायचा.

"काय मोठी मर्दुमकी केली!" मंजुळाबाई म्हणायच्या. "घरातली घाण बसस्टँडवर मांडली अन् वरतून नाव लिवलं!"

पण हा राग लहान होता. मोठा राग कोर्सच्या शेवटच्या दिवशी जन्माला आला. पुंजाजींना साखरेचा आजार. जेवण बंद केलं तरी साखरेची गोळी त्यांनी शिस्तीत चालू ठेवली होती, कारण ती बंद करा किंवा कमी करा, असं त्यांना कोणी बोललंच नव्हतं. त्या सकाळी त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम फुटला. घाबरून बाईंनी इंद्रभानला फोन लावला.

"घाबरू नका काकू," तो म्हणाला, "विष निघून राह्यलं. निघू द्या."

बाईंनी निघू दिलं. थोड्या वेळानं पुंजाजी बायकोलाच "तुमी कोन गावच्या?" असं विचारू लागले, तेव्हा त्यांनी ऑटो बोलावला आणि शेगाव गाठलं.

दवाखान्यात डॉक्टर योगिनीबाईंनी बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि लगेच शिरेतून साखर दिली. सलाईनची बाटली अर्ध्यावर यायच्या आत पुंजाजींनी बायकोला ओळखलं आणि ओळखल्याचा त्यांना थोडा पश्चात्तापही झाला.

"विष नव्हतं हो काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर तळाला गेली होती. पोटात अन्न नाही आणि गोळी आपलं काम करतेच आहे. त्यात यांची किडनी जरा कमजोर, गोळी अंगात जास्त वेळ रेंगाळते. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं."

"मंग इष काढाचं कसं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"ते काम आत चालूच असतं. जेवणातून अंगात अमोनिया तयार होतो, लिव्हर त्याचा युरिया करतं. गोळ्या, दारू, सगळं फोडून निरुपद्रवी करायचं कामही त्याचंच. किडनी दिवसभर रक्त गाळते, नको ते लघवीत टाकते, हवं ते परत ठेवून घेते. ज्यूस पिऊन त्यांचा वेग वाढत नाही. आणि किडनी खरंच थकली तर डायलिसिस लागतं, दुधी नाही."

"पन वजन उतरलं ना यायचं."

"आठवडाभर जेवला नाहीत तर तुमचंही उतरेल."

मंजुळाबाईंनी मान डोलावली आणि गोड हसल्या. ते हसू पाहून पुंजाजी सलाईनसकट सरकले.

घरी परतल्यावर पाहतात तो ओट्यावर आदल्या रात्रीचा स्टीलचा पेला तसाच. पुंजाजींनी पावडर कालवली होती, झोप लागली, प्यायची राहिली. बाईंनी घासायला पेला उपडा केला, तर आतून पेल्याच्याच आकाराचा काळपट, लिबलिबीत गोळा घरंगळला. बोटानं ओढला तर दोरीसारखा ताणला गेला. बरणीतल्यासारखा. हुबेहूब.

बाईंनी चिमूटभर पावडर तळहातावर चोळली, थेंबभर पाणी सोडलं. इसबगोल! अन् वरून कसली तरी चिकणमाती. बद्धकोष्ठाला अख्खं गाव घेतं ते इसबगोल. त्यांनी गोळा उन्हात सुकवला आणि पिशवीत ठेवला.

इकडे पुंजाजींना चैन पडेना. "दुसरा कोर्स केला तं बरनी डबल भरते म्हने," असं ते आढ्याकडे बघत म्हणाले. बाईंनी मनाशी हिशेब मांडला. हा माणूस पुन्हा गेला, तर पुढच्या वेळी ऑटो वेळेवर मिळेलच असं नाही.

बाजाराच्या दिवशी इंद्रभाननं मंडप घातला. बाया-माणसं जमली. पुंजाजी दुसऱ्या कोर्सला नाव घालायला पुढंच बसले, शेजारी मंजुळाबाई. इंद्रभाननं पुंजाजींची बरणी उंच धरली. बाई उठल्या.

"लेका, तुही पावडर दे बरं. अन् ज्यूसबी."

नवं गिऱ्हाईक समजून त्यानं हौसेनं दोन्ही दिलं. बाईंनी पदराखालून स्टीलचा पेला काढला, त्यात ज्यूस ओतला, सढळ हातानं पावडर घालून ढवळली आणि पेला शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंच्या हातात दिला. "धर वं जरा. हालवू नको." मग वळल्या. "तोवर सांग इंद्रभान, यायच्या पोटातून कोनतं इष निघालं? नाव सांग."

"काकू, केमिकल असते... फवारणीचं, खताचं..."

"कोनतं? तपासलं कोठी?"

"असं एक नाव नसते काकू, लय प्रकारचं..."

"बरं, रक्तातलं होतं का आतड्यातलं?"

तो बरण्यांकडे पाहू लागला. तेवढ्यात सत्यभामाबाई ओरडल्या, "अवं माय, हे तं थिजलं!" मंजुळाबाईंनी पेला उपडा केला. गोळा टेबलावर थरथरत उभा राहिला. त्याच्याशेजारी त्यांनी पिशवीतला सुकलेला ठेवला आणि त्याच्याशेजारी पुंजाजींची बरणी.

"हा पेला कधी जेवला बे, इंद्रभान? याले आतडं कोठी हाय?"

मंडपात हशा उसळला. इंद्रभान म्हणाला, "पावडर तं असनारच ना काकू, इष तिले चिकटते!"

"मंग पेल्यातलं कोनतं चिकटलं? रंग तं तोच हाय!"

त्याचा कुडता पाठीला चिकटला. कपाळावरून धारा लागल्या. बाई जवळ गेल्या, पदरानं त्याचं कपाळ टिपलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं म्हणाल्या, "घाबरू नको बापा. इष निघून राह्यलं. निघू दे."

मंडपात पुंजाजी तेवढे हसले नाहीत. ते आपल्या बरणीकडे पाहत होते, जन्मात पहिल्यांदा मिळालेल्या त्या पहिल्या नंबराकडे. मग हळूच उठले आणि बायकोला म्हणाले, "भाकर हाय काय वं घरी?"

"हाय ना. अन् गोळी डॉक्टरीनबाईनं सांगतली तशीच घ्याची, जेवून."

केंद्राला कुलूप लागलं. बरणी बाईंनी घरी आणली, आतलं तसंच ठेवून. ओट्यावरच्या फळीवर, आल्या-गेल्याला दिसेल अशा जागी ती अजून उभी आहे. चिठ्ठीवरचं पुंजाजींचं नाव त्यांनी नखानं खरवडून काढलं आणि नातीकडून नवं लिहून घेतलं : 'इंद्रभानचं पोट'.

इंद्रभानची आई हळदी-कुंकवाला आली की तिला बाई नेमकं त्या फळीखालीच बसवतात आणि गोड हसून चहात साखर विचारून घालतात.