ताईच्या पांढऱ्या केसांतलं हिरवं

माझं पार्लर गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर आहे. इथे बायका भुवया करायला येतात आणि सोबत घरातली सगळी दुखणी घेऊन येतात, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्यावरून काय झालंय ते मला खुर्चीत बसायच्या आधीच कळतं असा माझा समज होता. त्या दुपारी माझी ताई डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून दारात उभी राहिली आणि मला काहीच कळलं नाही. मी नुसती त्या ओढणीकडे बघत राहिले.

कारण तशी ओढणी मी आधी पाहिलेली होती. ताईच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, तेव्हा ती अशीच ओढणी गुंडाळायची. जाड, काळ्याभोर शेपट्याची माझी बहीण, सरकारी नोकरीत साहेबांनासुद्धा उभ्या उभ्या सुनावणारी, त्या दिवसांत आरशासमोरून जाताना मान खाली घालायची. मग उपचार संपले. केस परत आले ते मऊ आणि शुभ्र पांढरे आले. तिनं ते रंगवले नाहीत. "पांढरे तर पांढरे, माझे आहेत," म्हणाली. ते खांद्यापर्यंत वाढले तेव्हा तिनं मला वाघोलीला तिच्या घरी जेवायला बोलावलं होतं, केस मोकळे सोडून वाढत होती. त्या केसांवर तिचा किती जीव आहे ते मला ठाऊक होतं. केस आहेत तोवर आपण बऱ्या आहोत, असा तिनं मनाशी हिशोब बांधला होता. तिनं तो कधी बोलून दाखवला नाही आणि मी कधी विचारला नाही.

"जयभीम ताई. अशी अचानक?"

"दार लाव," ती म्हणाली. "आणि हे काळे कर. आत्ता."

तिनं ओढणी सोडली. कानांजवळचे, कपाळावरचे केस आणि सगळी टोकं हिरवट झाली होती. गवतासारखी नव्हे, पण तांब्याच्या जुन्या भांड्याला चिंच लागायच्या आधी जो मळकट हिरवा रंग असतो ना, तसा. हात लावला तर केस झाडूसारखे खरखरीत. आणि माझ्या बोटांत तुटके केस आले, एक-दोन नाही, झुपका.

मी चेहरा हलू दिला नाही. आमच्या धंद्यात तो नियमच आहे. पण आरशात ती माझ्याचकडे बघत होती.

"उशीवर पण पडतायत," ती म्हणाली. "तेव्हाही उशीवरूनच सुरू झालं होतं."

मला त्या क्षणी खरंच वाटलं की दुखणं परत आलं. केस हिरवे होतात का त्यानं, हे मला माहीत नव्हतं. भीतीला माहिती लागत नाही. मी पटकन ट्रॉली ओढली, काळ्या रंगाची ट्यूब वाडग्यात पिळली, डेव्हलपर, म्हणजे रंग चढवणारं पेरॉक्साइड, ओतला आणि ब्रशनं कालवायला लागले, कारण तिला हिरवं दिसत होतं तोवर ती शांत बसणार नव्हती आणि मलाही ते बघवत नव्हतं.

ब्रश उचलला आणि हात थांबला. मी शिकायला होते तेव्हा आमच्या बाईंनी एक सवय हाडांत घातली होती: केसांवर काय बसलंय ते ठाऊक नसेल तर आधी एक बारीक बट कापून वाडग्यात बुडवायची. केसांत धातू असला आणि त्यावर डेव्हलपर पडला तर तो तापतो, केस जळतात, कधी डोक्याची कातडीही भाजते. ताईच्या मानेमागून मी बट कापली, प्लास्टिकच्या छोट्या वाडग्यात टाकली, वर डेव्हलपर ओतला.

"हे काय चाललंय?" ताई म्हणाली.

"गप्प बस जरा."

वाडग्यात बारीक फेस यायला लागला. मी तळाशी हात लावला तर वाडगा कोमट झाला होता. थोड्या वेळानं बट चिमटीत धरून ओढली, तर ती रबरासारखी लांबली आणि तुटली. आणखी मिनिटभर मी ब्रश चालवला असता, तर हा वाडगा ताईच्या डोक्यावर असता. जे केस तिला परत मिळाले होते ते मी, तिच्या सख्ख्या बहिणीनं, माझ्याच खुर्चीत घालवले असते. कालवलेला रंग मी बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

मग तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. "केसांना काय लावतेस सांग. सगळं सांग."

"काही नाही. केमिकल मी सोडलंय, तुला माहितीये. शिकेकाई, रिठा. पोहून आले की खोबरेल."

"पोहून?"

तिच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर आखडलेला खांदा मोकळा व्हायला पोहायला सांगितल्यापासून ती बायकांच्या वेळेत रोज सकाळी जात होती. टोपी घालत नव्हती, डोकं आवळतं म्हणून. बाहेर आल्यावर डोक्यावरून धड पाणीही घेत नव्हती, कारण लगेच खोबरेल चोपडून अंबाडा बांधायचा, केस कोरडे पडू नयेत म्हणून. ओलं क्लोरीन आत, वरून तेलाचं झाकण. शिकेकाई आठवड्यातून एकदा.

"आणि पाणी कसं आहे तुमच्या तलावाचं?"

"मध्ये शेवाळ झालं होतं. मग सोसायटीनं मोरचूद टाकलं. आता निळं स्वच्छ दिसतं."

मोरचूद म्हणजे तांबंच. क्लोरीननं केस हिरवे होतात असं लोक म्हणतात, पण हिरवा रंग क्लोरीनचा नसतो. क्लोरीन केसाचं तेल काढून घेतं, केस कोरडा आणि खडबडीत करतं, आणि पाण्यातलं तांबं त्या केसाला चिकटून बसतं. काळ्या केसात ते दिसत नाही. पांढऱ्यात लपत नाही. आणि शिकेकाईनं मळ जातो, तांबं जात नाही.

हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगते, माझाही पुरता बसला नव्हता. मी तिच्या खांद्यावरच्या टॉवेलवर पडलेले केस काचेच्या टेबलावर मांडले आणि मोठी लाइट लावली. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा कंद असतो. मी एकेक केस फिरवून बघितला. जवळजवळ सगळे केस दोन्ही टोकांना तुटलेले होते. कंद असलेले अगदी थोडे, तेवढे कुणाचेही रोज जातात.

"हे तुटतायत, ताई. गळत नाहीयेत."

तिनं टेबलावरचा एक केस उचलून लाइटसमोर धरला.

मी कपाटातून क्लॅरिफायिंग शॅम्पू काढला, पोहणाऱ्यांसाठी असतो तो, धातू धरून बाहेर काढणारा. बाटली बघताच तिनं हात आडवा घातला.

"हे केमिकल मी डोक्याला लावणार नाही."

"हो का? आत्ता काळे कर म्हणून ओरडत होतीस, तो अमोनियाचा रंग काय होता, गुलाबपाणी?"

त्या अवस्थेतही तिला हसू आलं, आणि मग हसता हसता डोळे भरले. "तू धू," म्हणाली. "पण जपून."

बेसिनला मान टेकवून तिनं डोळे मिटले. कोमट पाणी सोडलं. पहिल्यांदा शॅम्पू लावला तो फेसाळायलाच तयार नाही, सगळा तेलात विरून गेला. धुतला. दुसऱ्यांदा लावला, हलक्या हातानं टोकांपर्यंत नेला आणि काही मिनिटं तसाच ठेवला. जाळीवर केस साचत होते. पाणी सोडायला मला भीती वाटत होती. समजा रंग तसाच राहिला, समजा आणखी केस हातात आले, तर तिला काय सांगायचं? ती डोळे मिटूनच विचारत होती, "किती गेले?" आणि मी "काही नाही गं" म्हणत जाळीवर हात आडवा धरत होते.

पाणी सोडलं. हिरवं फिकट झालं होतं. तिसऱ्यांदा धुतल्यावर कानांजवळचे केस पांढरे दिसले. टोकांना थोडी झाक राहिली, ती मी कापून टाकली. मग भरपूर कंडिशनर, आणि ओलसर केसांना लीव्ह-इन क्रीम, न धुता तसंच ठेवायचं ते, मध्यापासून टोकांपर्यंत. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी नुसती बडबडत होते: तलावात उतरायच्या आधी शॉवरखाली केस चिंब कर, साध्या पाण्यानं भरलेला केस तलावाचं पाणी कमी ओढतो, वर हे लीव्ह-इन लाव, टोपी घाल, आवळली तरी, बाहेर आलीस की लगेच धू, तेल नंतर, आणि हा शॅम्पू आठवड्यातून एकदाच, रोज लावलास तर हाच केस वाळवेल.

खुर्ची आरशाकडे वळवली. पांढरे केस. थोडे आखूड, पण तिचे.

"बघ," मी म्हणाले. माझ्या आवाजात फुशारकी होती. "तांबं होतं. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

मी आरशात तिच्याकडे बघितलं.

"माझी तपासणी होती गेल्या महिन्यात," ताई म्हणाली. "मी गेले नाही. केस असे व्हायला लागले तेव्हाच मला वाटलं, कळलंय की आता, कशाला सुया टोचून घ्यायच्या? घरी सांगितलं, सगळं छान आहे. परत आलंय, असंच मनाशी धरून चालले होते मी. आता तू म्हणतेस ते नव्हतंच." ती थांबली. "म्हणजे आता मला माहीतच नाही, आत काय आहे ते."

मी तिच्या केसांना लीव्ह-इन लावतच राहिले, गरज नव्हती तरी. हात थांबले असते तर मी तिच्यासमोर रडले असते. हिरवा रंग मला दिसत होता, म्हणून मी त्याच्याशी झगडू शकले. बाकीचं ना मला दिसत होतं, ना माझ्या कुठल्या बाटलीत त्याचा इलाज होता.

"फोन दे तुझा," मी म्हणाले.

तिनं निमूटपणे दिला. मी हॉस्पिटलला फोन लावून तपासणीची वेळ घेतली, आणि तपासणीच्या दिवशी पार्लर बंद ठेवलं. ताई केस मोकळे सोडून आली. ओढणी खांद्यावर होती. आम्ही हॉस्पिटलातल्या लोखंडी बाकावर बसलो. तिचं नाव पुकारलं. ती उठली नाही, तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता, माझाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मीच उठले आणि तिला उठवलं.