चौथा टॅब

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. जयनगरच्या बाजारात फुलवाली आपल्या हातानं मोळभर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, मोगरा मोजून देते, तो मी तिच्यासमोरच माझ्या हातानं पुन्हा मोजून घेते. घरचे चिडवतात. मी म्हणते, चिडवा, पण तुमच्यापैकी कुणी कधी मोजलंय का? या स्वभावाचा ऑफिसात मला फायदाच झाला. महादेवपुऱ्यात आमची छोटी टीम औषधांच्या दुकानांच्या ऑर्डरी पुढे पाठवणारी यंत्रणा सांभाळते, आणि तिथं संशय घेण्याचेच पैसे मिळतात.

धोक्याचा मेसेज आपोआप पाठवणारी सोय त्या महिन्यात दुरुस्तीसाठी बंद होती. त्यामुळे सकाळी नऊला माणसानं डोळ्यांनी सगळं पाहायचं, असं ठरलं. यंत्रणेचे आलेख दाखवणारी, पाहायची पानं अकरा. रोज एकेक शोधून उघडताना एखादं राहून जायचं, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. टॅबचा संच बदलला की एकदा ती चालवायची, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रत्येक उघड्या टॅबचा पत्ता एका साध्या फाइलमध्ये ओळीनं लिहिला जायचा. सकाळी दुसरी आज्ञा दिली की ती फाइल वाचून तेच टॅब त्याच क्रमानं उघडायचे. बाकी काही नाही. जे पत्त्यात लिहिलेलं असेल तेवढंच परत येतं.

सकाळची पाहणी पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याकडे होती. सहा महिन्यांच्या करारावर आला होता, मुदत संपत आली होती. पक्कं होणारच या भरवशावर त्यानं के. आर. पुरमला घर घेतलं होतं भाड्यानं. मुलीच्या शाळेचा दाखलाही पुण्याहून काढून झाला होता. माणूस गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. रोज नऊला तो ग्रुपवर एक टीप टाकायचा: सगळं ठीक, चौथ्या टॅबमध्ये तुंबलेल्या ऑर्डरींचा सर्वांत मोठा आकडा अमुक.

एका गुरुवारी दहाच्या सुमारास दुकानदारांचे फोन सुरू झाले. सकाळी सातपासून ऑर्डरी अडकल्या होत्या. मी माझ्या लॅपटॉपवर तो आलेख नव्यानं उघडला, तर आकडा तीन हजारांच्या वर गेलेला. नऊच्या टिपेत त्यानं लिहिलं होतं, सगळं ठीक, ४१२.

मी मागच्या टिपा काढल्या. बुधवारी ४१२. मंगळवारी ४१२. सोमवारी ४१२. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही ४१२. त्याआधी मात्र आकडे रोज वेगळे होते. मला तर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. चार दिवस गडी काही न पाहता शुक्रवारचीच टीप चिकटवत होता. मी चारही टिपांचे स्क्रीनशॉट एकाखाली एक लावून साहेबांना पाठवले. साहेब कन्नड माणूस, कमी बोलणारा. त्यांनी एवढंच विचारलं की नक्की का. मी नक्की म्हणाले. करार पुढे न वाढवण्याची मेल शुक्रवारी दुपारी जाईल, असं ते म्हणाले. त्याला काही विचारावं, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही.

शुक्रवारी त्यानं अर्धी रजा घेतली होती. बायको आणि मुलगी सामानासकट पुण्याच्या गाडीनं येणार होत्या, त्यांना उतरवून घ्यायला तो स्टेशनवर गेला होता. म्हणून सकाळची पाहणी माझ्याकडे आली. मी टीमच्या मशीनवर बसले, स्क्रिप्ट चालवली, अकरा टॅब पटापट उघडले. चौथ्यावर आले. आलेखावर सकाळी सहा ते नऊ अशा वेळा, मधे एक उंचवटा, आणि त्याच्या टोकाला ४१२.

माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला, हेही सांगायला हवं. वाटलं, यानं माझ्या फाइलमध्ये काहीतरी करून ठेवलंय. पान पुन्हा लोड केलं, ४१२. मग फाइल उघडली. आमच्या सामायिक फोल्डरमध्ये कुठली फाइल शेवटी कुणी बदलली ते दिसतं. तिथं माझं नाव होतं, गेल्या शुक्रवारची संध्याकाळ होती. चौथ्या ओळीतल्या पत्त्यात जिथं ‘आत्तापासून मागचे तीन तास’ असायला हवं होतं, तिथं दोन लांबलचक आकडे होते. म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची ठरावीक वेळ, त्याच शुक्रवारची.

आता सगळं आठवलं. त्या संध्याकाळी सकाळचा उंचवटा नीट पाहायला मी आलेखावर माउस ओढून तेवढाच भाग मोठा केला होता. तसं केलं की पत्त्यात ती ठरावीक वेळ बसते. मोठ्या पडद्यावर छान दिसावं म्हणून वरची पट्टीही मीच लपवली होती, तेही पत्त्यात बसतं, आणि तारीख त्या पट्टीतच असते. मग एक नवा टॅब जोडून मी संच साठवला आणि घरी गेले. तेव्हापासून तो बिचारा रोज नऊला मागच्या शुक्रवारची सकाळ बघत होता आणि जे दिसेल ते इमानानं लिहीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगाची मापं तपासणाऱ्या मला आपली एक फाइल तपासावीशी वाटली नव्हती.

पत्त्यातली वेळ मी दुरुस्त केली, पान बदललं, आकडा दोनशेच्या आत आला. साहेबांची मेल दुपारी जाणार होती. एक विचार असाही आला की गप्प बसावं, फाइल तर आता बरोबर आहे, कोण बघतंय. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. मी उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे ग्रुपवर लिही, सगळ्यांना दिसेल असं. मी लिहिलं. मेल गेली नाही. पुढच्या आठवड्यात तो पक्का झाला.

पण त्याआधी सोमवारी मला त्याच्यासमोर उभं राहावं लागलं. ग्रुपवर मी चूक लिहिली होती, चहाडी लिहिली नव्हती. ती कॉफीच्या मशीनपाशी तोंडानं सांगितली. इथल्या कन्नड सवयीनं म्हटलं, “स्वल्प थांबा, बोलायचंय. तुम्ही न बघता लिहिता असं मी साहेबांना सांगितलं होतं. तुमची नोकरी घालवत होते मी.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कप मशीनखाली ठेवला. मग म्हणाला, “आकडा रोज तोच येतोय हे मला तिसऱ्या दिवशी खटकलं होतं मॅडम. पण टॅब तुम्ही लावून दिले होते. म्हटलं, तुमच्या हातून चुकणार नाही.”



अजूनही सकाळची पाहणी तोच करतो. टॅब माझ्याच स्क्रिप्टनं उघडतात. आता मात्र तो प्रत्येक पत्ता वाचतो, तारीख बघतो, आणि मी पाठवलेला कुठलाही आकडा स्वतः पुन्हा काढून पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही. कामाच्या दृष्टीनं हेच योग्य आहे, मीच सगळ्यांना हे शिकवत आले. पण तो माझा आकडा पुन्हा तपासायला लागला की मी उठून दुसरीकडे जाते. मला ते बघवत नाही.